पुढच्या चाकाची कॅप

थोरले भाऊजी पंक्चरच्या दुकानासमोर गाडीतून उतरले ते घरात चोरी झाल्यासारखा चेहरा घेऊन. पुढच्या उजव्या चाकातली हवा निम्मी गेली होती. अंगात पांढरा शर्ट, पांढरी पँट, आणि मागे ती लांबलचक जुनी गाडी, जिच्यावर त्यांनी आयुष्यभर भाडी मारली आणि जिला ते बायकोपेक्षा जास्त जपतात. हे जाऊबाईंचं म्हणणं, आणि त्या ते चारचौघांत म्हणतात.

"धाकटा कुठाय?"

"हा काय," आतून धाकट्याचा आवाज आला. "जाणार कुठे?"

तो खरंच कुठे जाणार नव्हता. टायरच्या चवडीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत तो बसला होता, उजवा हात गळ्यात अडकवलेला. ट्रकचं रिम निसटून खांद्यावर आलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, जड उचलायचं नाही. किती दिवस, असं विचारल्यावर त्यांनी दिवसांचं काही सांगितलं नाही, चष्मा पुसत बसले. तेवढ्यावरून काय ते कळलं.

त्या दिवसापासून दुकान त्याची बायको चालवत होती. आधी ब्लाऊज शिवायची, आता पंक्चर काढायची. सुई गेली, पाना आला. बाईच्या हातात पाना दिसला की रस्त्यावरच्या प्रत्येक पुरुषाला गाड्यांचं ज्ञान फुटतं. ज्याला स्वतःच्या सायकलची चेन बसवता येत नाही तोही थांबून सांगतो, "ताई, उलटा फिरवा." ती सुलटा फिरवायची, नट सुटायचा, आणि तो माणूस आपण सांगितलं म्हणून सुटला अशा चेहऱ्याने निघून जायचा.

पण दुकानात अर्धा वाटा भाऊजींचा होता, आणि त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. शेजारच्या बॅटरीवाल्याला जागा कमी पडत होती. बाईमाणसाला हे झेपायचं नाही, त्यापेक्षा गाळा त्याला देऊन मोकळं व्हावं, असं भाऊजी घरात म्हणाले होते. तिच्यासमोर नाही. तिच्यासमोर म्हणायची त्यांची छाती नव्हती. पण भिंतीपलीकडची फोडणी ऐकू येते तसं हेही तिला ऐकू आलं होतं.

"सावकाश हवा जातेय," भाऊजी म्हणाले. "खिळा असणार. आता हे चाक कोण खोलणार?"

"मी," ती म्हणाली.

"तू?" त्यांनी गाडीकडे असं पाहिलं, जणू तिला कुणी इंजेक्शन देणार होतं. "टेलरबाई, ही रिक्षा नव्हे. या कॅप बाजारात मिळत नाहीत आता. चाळीतल्या कुकरची झाकणं आहेत का ही?"

खरं होतं ते. लोखंडी चाकावर आख्खी बसणारी, आरशासारखी चकचकीत पत्र्याची कॅप. मागच्या बाजूला गोल फिरून स्प्रिंगच्या पोलादी क्लिपा, ज्या रिमच्या कडेत रुतून बसतात. नट त्या कॅपच्या आत. कॅप निघाल्याशिवाय नट दिसत नाहीत, आणि क्लिप वाकली की कॅप धरत नाही.

"अहो भाऊजी, तुम्ही नुसते उभे राहा. शर्टाला हात पुसणार नाही तुमच्या."

नवरा खुर्चीतून हसला. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं, आणि जे इतके दिवस पोटात होतं ते बाहेर काढलं.

"बरं, मग असं करू. काढ कॅप. एक जरी क्लिप वाकली, तर मी आजच बॅटरीवाल्याशी बोलतो. नाही वाकली, तर दुकान तुझं. पुन्हा विषय काढणार नाही."

"दादा, असं काय?" नवरा म्हणाला.

"ठरलं," ती म्हणाली. तिला राग आला होता, आणि रागात तिचे हात फार सरळ चालत. हे नवऱ्याला ठाऊक होतं.

तिने मागच्या चाकाला पुढून-मागून दगड लावले. मग गुडघ्यावर बसली आणि कॅपची कड फडक्याने पुसून काढली. कडेला लाल गंज धरला होता, चिखल वाळून खडा झाला होता. गाडी वरून नवरी, खालून म्हैस. तिने गंज सोडवायचं तेल घेतलं आणि कडेच्या फटीत थेंब थेंब सोडत गेली.

"धार लावू नकोस," नवऱ्याने सांगितलं. "ब्रेकवर जाईल."

"थेंबच सोडतेय. दिसत नसेल तर खुर्ची पुढे घ्या."

तेल मुरेपर्यंत तिने रबरी हातोडीने कडेकडेने हलकं टकटक केलं. भाऊजींनी प्रत्येक ठोक्याला डोळे मिटले. मग तिने फळीवरून लोखंडाची चपटी पट्टी घेतली. टायर काढायचा जाडा लिव्हर नाही, स्क्रू ड्रायव्हर तर नाहीच, त्याचं टोक पत्र्यात पोचा पाडतं. ही रुंद, पातळ, टोक घासून बोथट केलेली. रिमवर फडक्याची घडी ठेवली, घडीवर पट्टी टेकवली, आणि व्हॉल्व जिथून बाहेर येतो त्याच्या बाजूने सुरुवात केली. पट्टी टायर आणि रिमच्या मध्ये नाही, रिम आणि कॅपच्या मध्ये. नवीन माणूस इथेच फसतो आणि अर्धा तास टायरशी कुस्ती खेळतो.

"व्हॉल्वकडून का?" भाऊजींना राहवेना.

"समोरून उचलली तर ही बाजू तिरकी होईल, आणि व्हॉल्वची मान मुरगळेल. तुमची मुरगळली तर चालेल?"

बोटाने कड चाचपत ती क्लिप शोधत होती. जिथे क्लिप, तिथे कड घट्ट. पट्टी क्लिपच्या अगदी शेजारी घालायची, कारण दोन क्लिपांच्या मधोमध उचललं तर पत्रा वाकतो आणि क्लिप तशीच राहते. पट्टीला जरासा कल दिला. कॅप नाण्याच्या जाडीएवढी उचलली. बस. पट्टी काढली, पुढची क्लिप. पुन्हा तेवढंच. शिवण उसवताना जसं एकेक टाका तोडायचा असतो, धागा धरून ओढला तर कापड फाटतं, तसंच हे. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्यांची लग्नातली ब्लाउजं उसवून-उसवून तिचे हात शिकले होते.

"अगं, जोर लाव!" नवरा खुर्चीत चुळबुळ करत होता. "किती गोंजारतेस? मी एका झटक्यात काढायचो. लिव्हर घातला, हिसडा दिला, टण्! कॅप हातात. गिऱ्हाईक बघत राहायचं."

"गिऱ्हाईक घाबरून बघत असेल."

"दादाला विचार. दादाच्याच कॅप काढायचो. काय रे दादा?"

 खरं तर आत्तापर्यंत भाऊजींच्या तोंडाची टकळी चालू असायला हवी होती. तिने मान वर करून पाहिलं. ते रस्त्याकडे बघत होते, आणि त्यांच्या कपाळावर घाम होता.

ती गोल फिरत खालपर्यंत आली. गंज कर्रकर्र करून सुटत होता, एकेक क्लिप टिक् करून मोकळी होत होती आणि मोकळीच राहत होती. फक्त एका जागी काहीतरी वेगळं होतं. पट्टीने तिथे कॅप उचलली जायची, आणि पट्टी सैल केली की मांजराने शेपूट ओढून घ्यावं तशी परत आत जायची. तिने पुन्हा उचलली. पुन्हा आत.

"बसली गंजून," नवरा म्हणाला. "आता तरी हिसडा दे."

"गंज असा नाही वागत," ती म्हणाली. "गंज धरतो नाहीतर सोडतो. हे धरतंय आणि ओढतंय."

"राहू दे," भाऊजी एकदम म्हणाले.

"काय?"

"राहू दे म्हणतो. हवा भरून दे, मी पुढे दाखवतो कुठेतरी. उगाच तुला त्रास."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. आता, सगळ्या क्लिपा सोडवल्यावर! एका जागेसाठी! उद्या हे सगळ्या घरात सांगणार की बिचारीला जमलं नाही, मीच म्हटलं राहू दे. पुरुषांची ही दया फार वाईट. शिवी परवडते, शिवीला उत्तर देता येतं.

"भाऊजी, शर्त तुम्ही लावलीत. आता पळायचं नाही."

"पळतोय कोण?"

"गाडीची किल्ली द्या."

"किल्ली कशाला?"

"पळून जाऊ नका म्हणून. द्या हो, स्टिअरिंग वळवायचंय."

तिने जॅक लावून चाक उचललं, खाली लोखंडी टेकूची घोडी सरकवली आणि गाडी घोडीवर टेकवली, कारण नुसत्या जॅकच्या भरवशावर चाकाजवळ डोकं न्यायचं नाही हे नवऱ्याच्या खांद्याने तिला शिकवलं होतं. मग स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं. चाकाची मागची कड बाहेर आली. आता आडवं न होता चाकाची पाठ दिसत होती. तिने टॉर्च घेतली आणि चाक हाताने हळूहळू फिरवत गेली.

लोखंडी चाकाला हवेसाठी भोकं असतात. त्यातल्या शेजारशेजारच्या दोन भोकांतून एक तार मागे आली होती. जाड, गंजलेली. मागे तिला पीळ दिलेला होता आणि पिळाचं टोक नीट वाकवून आत दाबलेलं, कुणाला टोचू नये म्हणून.

असा पीळ या घरात एकच माणूस देतो. गाडीच्या टपावर बॅगा बांधताना, गच्चीवर कपड्यांची तार ताणताना, जाऊबाईंच्या तुटलेल्या चाळणीला. टोक वाकवून आत.

"अहो," तिने नवऱ्याला हाक मारली. "जरा बघायला या."

नवरा उठून आला, वाकला, आणि त्याने लांब शीळ घातली. "दादा, हा तुझा पीळ."

"चोरांसाठी," भाऊजी म्हणाले. "कॅप चोरतात हल्ली."

"आणि चोर काय फक्त पुढच्या उजव्या चाकाची कॅप चोरतात? बाकीच्या तीन चाकांशी त्यांची सोयरीक आहे?"

"तार संपली होती."

"दादा, तुझ्या डिकीत तारेचं भेंडोळं आहे. मी बघितलंय."

तिने मध्ये तोंड घातलं नाही. कटर घेतला, तार तोडली, ओढून काढली, आणि पट्टीने त्या जागी पुन्हा तेवढाच कल दिला. कॅप इतकी सहज हातात आली की तिला ती वरच्यावर झेलावी लागली. सरळ, एकही पोचा नाही. ती उठली आणि कॅप उलटी केली.

गोल फिरून सगळ्या क्लिपा उभ्या होत्या, कान टवकारलेल्या. आणि एक आडवी. मुळापासून मोडल्यासारखी बाहेर झोपलेली.

तिघांनीही एकदमच ती पाहिली.

"वाकली," नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, उलट त्याला आता रडू येईल असं वाटत होतं. "अगं, वाकली ना. शेवटी घाई केलीस."

तिने अंगठ्याने क्लिपेची घडी पुसली. अंगठा लाल झाला. ताज्या वाकवलेल्या पोलादाची घडी चमकते. ही घडी आतपर्यंत गंजली होती, म्हणजे वाकून बरेच दिवस झाले होते. आणि तार त्याच क्लिपेच्या मुळाशी बांधलेली होती. आता तिला सगळं दिसलं. क्लिप कुणी वाकवली, एका झटक्यात, टण्, गिऱ्हाईक बघत असताना. कॅप धरेना म्हणून तार कुणी बांधली. आणि ते भाऊ-भाऊ असून इतके दिवस कुणी कुणाला सांगितलं नाही.

बोलायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य गळ्यात अडकवलेल्या त्या हाताला लागलं असतं. नवऱ्याकडे आता दुसरं काय उरलं होतं? मी असं करायचो, मी तसं काढायचो. दिवसभर खुर्चीत बसून तो त्यावरच जगत होता.

मग काय गप्प बसायचं? त्याचं मन राहावं म्हणून दुकान बॅटरीवाल्याला द्यायचं, आणि आयुष्यभर ऐकायचं की हिने घाई केली? असं गप्प बसणाऱ्या बायकांना लोक समजूतदार म्हणतात. मेल्यावर तर फारच म्हणतात. तिला समजूतदार व्हायचं नव्हतं. तिला दुकान हवं होतं.

तिने कॅप भाऊजींच्या हातात ठेवली, थेट पांढऱ्या शर्टासमोर, आणि तो लाल अंगठा त्यांना दाखवला.

"भाऊजी, तुम्ही बोलताय की मी बोलू?"

भाऊजींनी अंगठ्याकडे पाहिलं. क्लिपेकडे पाहिलं. मग त्यांनी खाकरून घसा साफ केला, जसा ते सवारीला भाडं सांगण्याआधी करतात.

"तिने नाही वाकवली," ते म्हणाले. "जुनी आहे ती. मला चक्क विसर पडला होता रे. मघाशी तू माझ्या कॅपचं काढलंस तेव्हा आठवलं. म्हणून तर म्हटलं राहू दे."

"जुनी म्हणजे?"

"म्हणजे तू मागे टायर बदललास ना, तेव्हाची. मी पुढच्या वळणावर गेलो आणि ही निघाली. गाडीच्या पुढे पळत सुटली. मी ब्रेक मारतोय, सवारी मागून ओरडतेय, आणि ही बाईसाहेब ऐटीत रस्ता ओलांडून नाल्यात."

नवरा त्यांच्याकडे बघत राहिला.

"नाल्यात?"

"हो."

"उतरलास?"

"मग काय, नवीन कुठे मिळते?"

"पांढऱ्या कपड्यांत?"

भाऊजी फार खालच्या आवाजात: "गुडघ्यापर्यंत होतं."

नवऱ्याच्या तोंडातून आधी नुसती हवा आली, मग हसू. खांदा हलला, दुखला, तो कळवळला आणि तरी हसत राहिला. "वहिनीला काय सांगितलंस?"

"सवारीच्या लहान मुलाने चिखल उडवला म्हणून सांगितलं. तीन दिवस बोलली नाही ती माझ्याशी. धुणं तिला पडलं ना."

हसता हसता नवरा थांबला. कॅप त्याने डाव्या हातात घेतली आणि ती झोपलेली क्लिप बघत राहिला.

"म्हणजे हिसडा माझा," तो म्हणाला.

रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? सगळ्या गावाला सांगत होतो, माझ्या भावासारखा हात कुणाचा नाही. मग त्याच हाताने माझी कॅप नाल्यात घातली हे सांगू? आणि मग तुझा खांदा गेला. मग तर विषयच संपला."

"आणि माझ्या बायकोवर शर्त लावताना विषय उघडला."

"तेव्हा नव्हतं रे डोक्यात!" भाऊजी चिडले, कारण त्यांना लाज वाटत होती. "मी काय मुद्दाम करीन?"

"नसाल केलं," ती म्हणाली. "पण अजून थोडा वेळ गप्प बसला असतात तर दुकान गेलं होतं माझं."

हे त्यांना लागलं, आणि ते लागावं म्हणूनच ती बोलली होती. भाऊजी थेट शेजारी गेले. बॅटरीवाला दारातच उभा होता, सगळा वेळ ऐकत, हातात बॅटरीच्या पाण्याची बाटली तशीच.

"काय ठरलं मग?" त्याने विचारलं.

"जागा मिळणार नाही," भाऊजी म्हणाले. "दुकान चालू आहे."

"नाही, पण तुम्ही तर म्हणत होतात की वहिनींना..."

"मी पुष्कळ काही म्हणतो. तू तुझं पाणी भर."

ते परत आले तेव्हा ती आणि नवरा जमिनीवर बसले होते. कॅप पालथी, तिच्या मांडीत. नवऱ्याने कॅप डाव्या हाताने घट्ट दाबून धरली होती आणि ती पकडीने क्लिप उचलत होती.

"एकदम सरळ नको करूस," तो सांगत होता, या वेळी हळू आवाजात. "गंजलेली घडी आहे, एका दमात मोडेल. थोडी उचल. थांब. आता पकड जरा खाली घे, मुळाशी. शेजारच्या क्लिपेएवढी झाली की बस."

"तुम्हाला झटक्याशिवाय पण येतं म्हणायचं."

"येतं. गिऱ्हाईक नसेल तर."

क्लिप उभी राहिली. बाकीच्यांइतकी ताठ नाही, पण उभी. तिने अंगठ्याने दाबून पाहिली, क्लिप परत आली. मग नट सैल करायला गाडी पुन्हा जमिनीवर, नट सैल झाल्यावर पुन्हा वर, चाक काढलं, खिळा निघाला, ट्यूबला पॅच लागला. चाक बसवून नट आवळल्यावर तिने कॅपचं भोक व्हॉल्ववर धरलं, ती बाजू आधी बसवली आणि तळहाताच्या टाचेने गोल ठोकत गेली. टप, टप, टप. शेवटच्या जागी जरा जोर द्यावा लागला. बसली. तिने दोन्ही हातांनी ओढून पाहिली, हलली नाही.

भाऊजींनी रुमाल काढून कॅपवरचे तिच्या बोटांचे ठसे पुसले. सवयच ती.

"तार बांधायची का परत?" त्यांनी विचारलं.

"माझ्या दुकानातून तार बांधून गाडी जाणार नाही," ती म्हणाली. "शंभर किलोमीटर चालवा आणि आणून दाखवा. आणि आता इथेच आहात तर उरलेल्या चाकांच्या कॅप पण बघते."

"त्या कशाला? त्यांना काय झालंय?"

"त्याही यांनीच काढलेल्या आहेत ना."

नवऱ्याने कपाळाला हात लावला. "बघ बाई, बघ. सगळ्या बघ. आज माझी अब्रू जायचीच आहे तर पूर्ण जाऊ दे."

तिने टॉर्च उचलली आणि गाडीच्या मागच्या बाजूला वळली. भाऊजी तिच्या आधी तिथे पोचले, दोन्ही हात मागे बांधून, पाठ गाडीला टेकवून.

"बघ की," ते म्हणाले. "बघ. फक्त मागचं डावं सोडून."